झोप अपुरी झाली की संध्याकाळनंतर आवरत नाही अशी भूक : चरबी उतरवताना जेवणात काय बदलावं?

निशिगंध

चरबी कमी करायला घेतली आहे. वजन ७२ किलो. रोजची गरज साधारण २१०० कॅलरी धरून खाणं १५०० वर आणलं आहे. रात्री सलग झोप झाली तर हे १५०० सहज पाळता येतात. मुलगा दीड वर्षाचा आहे, दात येताहेत. रात्री दोन-तीनदा उठवतो आणि मग माझी झोप पाच-साडेपाच तासांवर येते. त्या दिवशी दुपारपर्यंत काही जाणवत नाही. पाचच्या सुमारास भूक चढायला लागते, आणि जेवून उठले तरी नऊनंतर बिस्किटांचा डबा, शेंगदाणे, चॉकलेट असं काहीतरी तोंडात जातच राहतं. पोट भरलेलं असतं, तरी खावंसं वाटतं.

झोप वाढवणं सध्या माझ्या हातात नाही. तेवढं सोडून, जेवणात काय आणि कधी बदललं तर अशा दिवशी निभावता येईल?

---

जुनाजाणता

झोपायच्या आधी तासभर मोबाइल बाजूला ठेवा, खोलीत पूर्ण अंधार करा, रोज एकाच वेळी अंथरुणावर पडा. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरका. मला याने खूप गुण आला. झोप लागली की भुकेचा प्रश्नच उरत नाही.

---

निशिगंध

धन्यवाद काका, पण झोप लागण्याचा प्रश्न नाहीये. पडले की दोन मिनिटांत लागते, मूल उठवतं. मला झोपमोड झाल्यानंतरच्या दिवसाचं खाणं कसं असावं ते हवं आहे.

---

लोहपुरुष

हे सगळं लेप्टिन आणि घ्रेलिनचं काम आहे. झोप कमी झाली की पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरतं आणि भूक लावणारं घ्रेलिन चढतं. वर चयापचय मंदावतं, म्हणून तेवढंच खाऊनही चरबी साठते. त्यामुळे झोप न झालेल्या दिवशी उलट आणखी कमी खायला हवं. सकाळचा नाश्ता सोडा, सोळा तास उपाशी राहा, १३०० वर या. पहिला आठवडा जड जाईल, मग शरीराला सवय होते.

---

मुक्ता_आहार

मी आहारतज्ज्ञ आहे. पाळ्यांमध्ये काम करणारे आणि लहान मुलांचे पालक माझ्याकडे बरेच येतात, त्यामुळे निशिगंध सांगताहेत तो नमुना ओळखीचा आहे.

लोहपुरुष, हार्मोनचं तुम्ही म्हणता ते निराधार नाही. शिकागो विद्यापीठात झालेला २००४ चा प्रयोग प्रसिद्धच आहे. १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. पण तो दोनच रात्रींचा प्रयोग होता आणि त्या काळात त्यांचं खाणंही ठरावीक ठेवलेलं होतं. नंतरच्या प्रयोगांत हार्मोनचे आकडे दर वेळी तसेच आले नाहीत. खाणं वाढल्याचं मात्र पुन्हा पुन्हा दिसलं.

चयापचय मंदावतं हे मात्र बरोबर नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना पाच दिवस रोज पाच तास झोपू दिलं. त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च उलट पाचेक टक्क्यांनी वाढला, कारण माणूस जास्त वेळ जागा राहतो. पण खाणं त्याहून कितीतरी जास्त वाढलं, आणि वाढलं ते मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतर. २००९ च्या आणखी एका प्रयोगात पंधरवडाभर साडेपाच तास झोपलेल्या लोकांची मुख्य जेवणं जवळपास तेवढीच राहिली आणि मधलं अरबटचरबट वाढलं, तेही संध्याकाळी सातनंतर.

म्हणजे या भुकेला घड्याळ आहे. ती दिवसभर सारखी नसते. दुपार टळल्यावर चढते, रात्री कळसाला जाते आणि तिला गोड-खारं-तेलकट हवं असतं. आपलं शरीर गांजातल्या घटकांशी मिळतीजुळती काही रसायनं स्वतः तयार करतं आणि ती खाण्यातली मजा वाढवतात. त्यांतल्या एकाची पातळी झोप कमी झाली की दुपारनंतर जास्त चढते आणि बराच वेळ चढलेलीच राहते. पोट भरूनही खावंसं वाटतं ते त्यामुळे असू शकतं. अशा वेळी सकाळी आणि दुपारी खाणं कापलं, तर खरी भूक आणि ही मजेची भूक दोन्ही एकाच वेळेला गाठतात. म्हणून नाश्ता सोडायचा सल्ला मी इथे देणार नाही.

निशिगंध, बाळाला अंगावर पाजता का? पाजत असाल तर १५०० हा आकडाच चुकीचा आहे. आणि झोप न झालेल्या एखाद्या दिवसाचं खाणं वेळेसकट लिहाल का? नऊनंतरचंही लिहा.

---

निशिगंध

पाजणं बंद झालं आहे. कालचाच दिवस लिहिते, काल पाच तासच झोप झाली होती.

सकाळी आठला दुधाची कॉफी आणि एक टोस्ट. दुपारी एकला मोठा वाडगा कोशिंबीर, एक अंडं, थोडा भात. पाचला परत कॉफी, कारण भूक लागली होती आणि कॅलरी राखायच्या होत्या. साडेआठला भाजी, डाळ, भात, साधारण ५५० कॅलरी. तोपर्यंत दिवसाचे ११०० झाले होते, म्हणजे हिशेबाने ४०० शिल्लक होते. नऊ ते अकरामध्ये सहा बिस्किटं, दोन मुठी शेंगदाणे आणि अर्ध्याहून जास्त चॉकलेटची वडी. नंतर मोजलं तर ते एकटंच हजाराच्या वर भरलं.

---

मुक्ता_आहार

एवढं नेमकं लिहिलंत, आता बोलता येईल.

संध्याकाळी साडेआठपर्यंत तुमच्या पोटात जेमतेम ५५० कॅलरी गेल्या होत्या, आणि त्यात प्रथिनं फार तर १५-१८ ग्रॅम असतील. पाचची भूक खरी होती. कॉफीने ती दाबली, आणि मग ती नऊला व्याजासकट परत आली. मी तीन गोष्टी बदलेन.

पहिली, सकाळचं खाणं. दोन अंडी, २०० ग्रॅम कमी चरबीचं, निथळून घट्ट केलेलं दही आणि एक फळ. यात साधारण ३८० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं येतात. साधं दही घेतलंत तर दह्यातली प्रथिनं निम्म्यावर येतील, म्हणून निथळलेलंच घ्या. सकाळी भूक नसते हे मला माहीत आहे. हे खाणं सकाळच्या भुकेसाठी नाहीच, संध्याकाळच्या भुकेसाठी आहे.

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पाच वाजता कॉफीच्या जागी खरंखुरं खाणं. २०० ग्रॅम उकडलेला बटाटा आणि त्यावर १०० ग्रॅम शिजलेला राजमा किंवा दुसरं कुठलं कडधान्य, लिंबू-मीठ-मिरपूड. होतात ३०० कॅलरी, पण वाडगा भरतो आणि चावायला वेळ लागतो. हे भूक लागल्यावर करायचं नाही. सकाळीच उकडून ठेवायचं, कारण पाच वाजता झोपाळलेला माणूस बटाटे उकडत बसत नाही, हाताला लागेल ते खातो.

तिसरी, जेवणानंतरच्या १०० कॅलरी आधीच हिशेबात धरायच्या. जे गोड आवडतं त्याचा मोजून तुकडा जेवणाच्या ताटातच वाढून घ्यायचा आणि जेवणाबरोबर संपवायचा. डबा उघडून उभ्याने खाल्लेलं मोजलं जात नाही.

दुपारी ४५० आणि रात्री ५००, दोन्ही वेळी २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं आणि अर्धं ताट भाजी. दुपारी एका अंड्याने भागणार नाही, मासे, चिकन किंवा वाडगाभर घट्ट डाळ हवी. सगळी बेरीज १७०० च्या आसपास जाते आणि प्रथिनं ९५ ते १०५ ग्रॅम, तुमच्या वजनाला ठीक आहे.

---

लोहपुरुष

पण १७०० म्हणजे तूट ६०० वरून ४०० वर आली. मग चरबी उतरणार कधी?

---

मुक्ता_आहार

आठवड्याचा हिशेब करा. चार दिवस १५०० पाळले आणि तीन दिवस २१५० झाले, तर सरासरी १७८० च्या आसपास येते. सातही दिवस १७०० पाळले तर ती त्याहून कमीच आहे, आणि रोज रात्री स्वतःशी झगडावं लागत नाही.

दुसरं कारण जास्त काळजीचं आहे. २०१० साली शिकागोतच १० जास्त वजनाच्या लोकांवर प्रयोग झाला होता. कॅलरी सारख्याच कापल्या होत्या. दोन आठवडे साडेआठ तास अंथरुणात आणि दोन आठवडे साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा साधारण तीन किलोच उतरलं. पण चरबी एकदा १.४ किलो गेली आणि झोप कमी असताना फक्त ०.६ किलो. बाकी घट स्नायूंसारख्या चरबीविरहित भागातून झाली. प्रयोग लहान आहे, पण झोप कमी असताना तूट आणखी वाढवायला मी त्यामुळेच कचरते. अशा काळात प्रथिनं सांभाळावीत, आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचलावीत आणि तूट बेताची ठेवावी.

---

लोहपुरुष

स्नायूंचं पटलं. उपास मात्र मला स्वतःला सोपा जातो, आणि मीही सहा तासच झोपतो. बाराला पहिलं जेवण, आठला शेवटचं, मग स्वयंपाकघर बंद. नऊनंतर काही खायचंच नाही ही एकच रेघ मारली की निर्णय घ्यावा लागत नाही.

---

मुक्ता_आहार

तुम्हाला रात्रीचं खाणं थांबवता येत असेल तर चालू ठेवा. तुमच्या पद्धतीत कामाचा भाग आठनंतरची बंदी हा आहे, सकाळचा उपास नाही असं मला वाटतं. ज्यांचं रात्रीचं सुटतं त्यांना सकाळी उपाशी ठेवलं की बहुतेकांचं आणखी सुटतं, हे मी रोज पाहते.

---

रातराणी

मी रुग्णालयात परिचारिका आहे, महिन्यातून दहा-बारा रात्रपाळ्या असतात. माझी भूक पहाटे तीनला चढते. सकाळी आठला घरी येते, झोपते, दीडला जाग येते. माझी सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली? पाच वाजताचं खाणं मी कधी खाऊ?

---

मुक्ता_आहार

तुमचं उत्तर याच्याएवढं सरळ नाही. जागं झाल्यापासून मोजलं तर दीडनंतर लगेच प्रथिनांचं भरपूर जेवण आणि पाळीला निघण्याआधी मुख्य जेवण, हे बहुतेकांना जमतं. पहाटे तीनला मोठं जेवण मात्र टाळा, त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. दही, अंडं किंवा वाडगाभर डाळीचं सूप एवढ्यावर ठेवा. घरी येऊन उपाशीपोटी झोपलात आणि भुकेने जाग आली तर झोपेआधी थोडं खा. पाळी आणि सुटीचे दिवस आलटूनपालटून येतात तेव्हा कुठलं घड्याळ धरायचं, यावर माझ्याकडच्या लोकांतही एकमत नाही.

---

रातराणी

तीनला सूप मी करून पाहिलं आहे, गरम असलं की बरं वाटतं. आमच्या खोलीत सगळ्यांचा मिळून खाऊचा डबा टेबलावर उघडा असतो, खरी अडचण ती. तो मी कपाटात ठेवायला लावणार आहे.

---

साशंक

बटाट्याबद्दल. वजन उतरवताना सगळे बटाटा बंद करायला सांगतात आणि तुम्ही तोच खायला सांगता?

---

मुक्ता_आहार

तळलेला बटाटा आणि उकडलेला बटाटा यांत फार फरक आहे. सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये ३८ पदार्थ सारख्याच कॅलरीचे खायला देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं होतं. उकडलेला बटाटा सगळ्यांत वर आला, ब्रेडच्या तिपटीहून जास्त. २०० ग्रॅममध्ये जेमतेम १७० कॅलरी असतात. तेवढ्याच कॅलरीची बिस्किटं तीन-चार येतात. मधुमेह असेल तर प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारा.

---

साशंक

पण तो प्रयोग झोपमोड झालेल्या लोकांवर नव्हता. आणि तुम्हीच म्हणालात की ही भूक अर्धी मजेची आहे. बटाट्याने पोट भरेल, चॉकलेटची ओढ कशी जाईल?

---

मुक्ता_आहार

रास्त प्रश्न आहे. ओढ जात नाही. रिकाम्या पोटाचा वाटा काढून घेतला की उरलेली ओढ छोट्या तुकड्यावर भागवता येते, एवढाच माझा दावा आहे. प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ पोट भरतात याला भक्कम आधार आहे. झोप कमी झाल्यावरची भूक त्यांनी नेमकी किती आवरते, हे मी प्रयोगापेक्षा माणसं पाहून सांगते आहे. कोणाला फरक पडतोय की नाही हे कळायला सोपी खूण आहे. नऊ वाजता उकडलेलं अंडं समोर ठेवलं तर खावंसं वाटतं का? वाटलं तर ती भूक आहे, दिवसभरात कमी खाल्लंय. फक्त चॉकलेटच हवं असेल तर पोटाचं काम झालं आहे.

आणि निशिगंध, पाचची कॉफी खरंच सोडा. ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोपेच्या सहा तास आधी घेतलं तरी झोप तासाहून जास्त कमी झाल्याचं एका प्रयोगात दिसलं आहे. तुमची एक कॉफी एवढी नसते, पण तुम्हाला जी पाच तास झोप मिळते ती तरी गाढ मिळू दे. दुपारी बारानंतर नको.

---

निशिगंध

थोडे दिवस करून पाहिलं, म्हणून लिहायला आले.

पाचच्या वाडग्याने सगळ्यांत जास्त फरक पडला. घरी आल्या आल्या स्वयंपाक करताना जे चाखणं चालायचं ते बंद झालं. जेवायला बसताना हात थरथरत नाहीत. बटाट्याचा कंटाळा आला त्या दिवशी ओट्स आणि दही घेतलं, तेही चाललं, पण लवकर भूक लागली.

सकाळचं मात्र जड जातं. झोप झालेली नसते तेव्हा अंड्याचा वासही नको होतो. निम्मं आठला आणि निम्मं साडेदहाला असं करते आहे.

चॉकलेट ताटात वाढून घेते, २० ग्रॅम. मुलगा ज्या रात्री दहाच्या आत झोपतो त्या रात्री एवढ्यावर भागतं. तो बारापर्यंत जागा असला की मी परत डब्याकडे जाते. अंड्याचा प्रश्न स्वतःला विचारला, उत्तर नाही असंच आलं, आणि तरी खाल्लं.

---

लोहपुरुष

डबा घरातच ठेवू नका. एवढ्या दमलेल्या माणसाने समोरचं गोड नाकारायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

---

निशिगंध

घरात बाकीचेही आहेत, त्यांच्यासाठी असतंच. नवऱ्याला सांगून वरच्या कपाटात टाकलं आहे.

---

मुक्ता_आहार

निम्मं-निम्मं अगदी चालेल. बारापर्यंत जागावं लागतं त्या रात्री मात्र जेवणानंतर तीन-साडेतीन तास जातात, तेव्हा ते पाचवं खाणं धरूनच चाला. रात्रीच्या जेवणातून १५० कॅलरी बाजूला काढा आणि साडेदहाला बसून घट्ट दही आणि फळ खा. आणि वजनकाट्यावर आठवड्याची सरासरी पाहा. आदल्या रात्रीच्या खारट खाण्याने दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो, ते पाणी असतं. त्याला घाबरून जेवण कापलं की परत तेच चक्र.

---

पारिजात

मी साडेसात-आठ तास झोपतो, तरी दुपारी तीनला गोड खाल्ल्याशिवाय डोळे उघडे राहत नाहीत. वजन वाढतंच आहे. बायको म्हणते खूप घोरतो आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो. मीही पाचला बटाटा-राजमा सुरू करू का?

---

मुक्ता_आहार

आधी डॉक्टरांकडे जा आणि बायकोने सांगितलेलं तसंच्या तसं सांगा. घोरणं, श्वास थांबणं आणि दिवसा पेंग हे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्याची झोपेची तपासणी होते, उपचारही आहेत. तास आठ भरले तरी झोप तुटक होते, आणि ते जेवण बदलून भरून निघत नाही. गाडी चालवताना पेंग येत असेल तर तपासणी पुढे ढकलू नका.

---

जुनाजाणता

निशिगंध, शनिवार-रविवारी घरच्यांनी मुलाला सांभाळलं आणि तुम्ही दहा तास झोपलात तर आठवड्याचं भरून निघणार नाही का?

---

मुक्ता_आहार

जुनाजाणता, पूर्ण भरून निघत नाही. २०१९ च्या एका प्रयोगात सुटीत भरपूर झोपू दिलेल्या लोकांचं रात्रीचं जादा खाणं त्या दोन दिवसांपुरतं कमी झालं, आणि पुन्हा झोप कमी होताच परत आलं. पण झोपेकडे वळता तो तुमचा मुद्दा मला सोडायचा नाही. २०२२ मध्ये साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जास्त वजनाच्या लोकांवर प्रयोग झाला, त्यांतल्या निम्म्यांना झोप वाढवायला मदत केली. त्यांना जेवणाबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. बाकीच्यांच्या तुलनेत त्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि खाणं रोज सरासरी २७० कॅलरींनी आपोआप कमी झालं. तुमचा पाचचा वाडगा जवळपास तेवढाच आहे. आठवड्यातून दोन रात्री मुलाकडे दुसऱ्या कोणी पाहिलं तर?

---

निशिगंध

मंगळवार आणि शुक्रवार नवरा उठणार असं ठरलं आहे. त्या दोन दिवशी १५०० वर जावं की १७०० च ठेवावेत?

---

मुक्ता_आहार

मी १७०० च ठेवीन.

---

लोहपुरुष

मी १५०० वर जाईन. झोप झालेल्या दिवशी ते जमतं असं त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं आहे.

---

निशिगंध

आधी महिनाभर १७०० ठेवते, मग फक्त मंगळवार-शुक्रवार १५०० करून पाहीन. त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री नऊनंतर काय होतं ते इथेच लिहीन.